पाणी भरपूर पिऊनही पोटऱ्यांत गोळे येतात तेव्हा : उन्हात राबणाऱ्याचा डबा आणि बाटली

प्रश्न : माझा भाऊ बांधकामावर सकाळी सहा ते दुपारी दोन भर उन्हात असतो. कामावर सहा लिटर तरी पाणी पितो. तरीसुद्धा बाराच्या पुढे डोकं जड होतं, पोटऱ्यांत गोळे येतात, डबा अर्धा परत येतो. शर्टावर पांढरे डाग पडतात. त्याला अजून पाणी प्यायला सांगू का? डब्यात आणि बाटलीत नक्की काय द्यावं?

उत्तर :

अजून पाणी नको. तुम्ही दिलेल्या खुणांवरून पाण्यापेक्षा मीठ कमी पडत असण्याची शक्यता जास्त आहे. पण अंदाजावर डबा ठरवू नका. आधी एक दिवस मोजा. त्याला लागतो फक्त एक वजनकाटा.

कामाला निघण्याआधी, न्याहारी आणि शौच उरकल्यावर, कमीत कमी कपड्यांत वजन करायचं. परत आल्यावर घाम पुसून, घामाने भिजलेले कपडे काढून पुन्हा करायचं. मधल्या वेळात किती प्यायलं ते बाटल्यांवरून कळतं. डबा जाताना आणि येताना तोलला की पोटात किती गेलं तेही कळतं. लघवी किती वेळा झाली तेवढं लक्षात ठेवायचं. एका वेळची साधारण ३०० मिलीलिटर धरली तरी या हिशेबाला चालते. एक किलो वजन म्हणजे एक लिटर पाणी, असं धरा.

समजा सकाळी वजन ६६.० किलो आणि दुपारी ६५.७ भरलं. पाणी ६ लिटर प्यायलं, अन्न ४०० ग्रॅम गेलं, लघवी पाच वेळा म्हणजे सुमारे दीड लिटर झाली. मग घाम किती गेला? वजनातली घट ०.३, त्यात प्यायलेलं ६ आणि खाल्लेलं ०.४ मिळवा, लघवीचे १.५ वजा करा. उत्तर येतं ५.२ लिटर. आठ तासांचा हिशेब केला तर तासाला साधारण ६५० मिलीलिटर. उन्हात अंगमेहनत करणाऱ्याला तासाला अर्धा ते दीड लिटर घाम येऊ शकतो, म्हणजे हा आकडा काही वेगळा नाही.

आता या आकड्यांकडे नीट बघा. वजन जवळजवळ तेवढंच आहे आणि लघवी दीड लिटर झाली आहे. म्हणजे पाण्याची तूट नाहीच, उलट जास्तीचं पाणी शरीर बाहेर टाकतंय. मिठाचं मात्र वेगळं आहे. घामातलं मीठ माणसागणिक बरंच बदलतं, पण लिटरमागे २ ग्रॅम धरलं तर ते बहुतेकांच्या बाबतीत फार चुकत नाही. पाच लिटर घामातून १० ग्रॅम मीठ गेलं, आणि शर्टावर पांढरे डाग पडतात म्हणजे त्याचा घाम खारटच असणार, तेव्हा थोडं जास्तच धरा. सकाळी चहा आणि गोड बिस्किटं, दुपारी अर्धा डबा, एवढ्यातून दोन वाजेपर्यंत आत गेलेलं मीठ जेमतेम ३ ग्रॅम भरेल.

साधं पाणी भराभर आत गेलं की रक्त पातळ होतं. मेंदूला वाटतं पाणी जास्त झालंय, मग मूत्रपिंडांना ते सोडून देण्याचा निरोप जातो. म्हणून लघवी पाण्यासारखी पांढरी, भरपूर आणि वरचेवर होते, आणि पुन्हा तहान लागते. पाणी शरीरात टिकायला त्याच्या जोडीला मीठ लागतं. हे झालं नाही आणि वर आणखी पाणी ढोसत राहिलं, तर रक्तातला सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. डोकेदुखी, मळमळ, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, गोंधळल्यासारखं वागणं ही त्याची लक्षणं, आणि ती पाणी कमी पडल्याच्या लक्षणांसारखीच दिसतात. गल्लत होते ती इथेच. फरक वजन सांगतं. पाणी कमी पडलं असेल तर वजन उतरलेलं असतं आणि लघवी थोडी व गडद होते. पाणी जास्त झालं असेल तर वजन तेवढंच किंवा वाढलेलं, लघवी पांढरी आणि पोटात पाणी हिंदकळतंय असं वाटतं. (जीवनसत्त्वांच्या गोळ्या चालू असतील तर लघवी नुसत्या गोळीनेही पिवळीधमक होते, तेव्हा रंगावर भरवसा ठेवू नका.)

तुमच्या मोजणीत उलटं निघालं, म्हणजे वजन दीड-दोन किलोंनी उतरलेलं आणि लघवी दिवसात एकदाच, तर मात्र पाणीच कमी जातंय. मग खाली दिलेलं पेय तेच ठेवून पाणी वाढवा. वाढवायलाही मर्यादा आहे. उन्हातल्या कामगारांसाठी सर्वसाधारण सल्ला दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, सुमारे २४० मिलीलिटर, असा आहे, आणि तासाला १.४ लिटरच्या वर जायचं नाही. आतडं एका तासात साधारण लिटरभरच शोषू शकतं, बाकीचं पोटात डुचमळत राहतं.

बाटलीत काय

आपण धरलेल्या माणसाला कामाच्या आठ तासांत साधारण साडेचार लिटर पुरे. त्यातलं अडीच लिटर साधं पाणी आणि दोन लिटर मीठ-साखरेचं पेय. हे पेय लिटरमागे असं : पाणी १ लिटर, बारीक मीठ पाव छोटा चमचा सपाट (दीड ग्रॅम), साखर सात छोटे चमचे सपाट (सुमारे ३० ग्रॅम), एका लिंबाचा रस. छोटा चमचा म्हणजे ५ मिलीलिटरचा, औषधाबरोबर येतो तो किंवा मापाचा. घरातल्या चमच्यांत दीडपट-दुपटीचा फरक सहज असतो, त्यामुळे 'चमचा' या शब्दावर विसंबू नका. खडेमीठ वापरत असाल तर खड्यांमध्ये हवा राहते आणि चमच्यात मीठ कमी बसतं, म्हणून ते आधी कुटून घ्या.

साखर चवीपुरती नाही. आतड्याच्या आवरणात एक वाट अशी आहे की तिच्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी खेचलं जातं. म्हणून थोडी साखर उपयोगी पडते. पण थोडीच. फळांचे रस आणि बाटलीबंद गोड पेयांमध्ये लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते. इतकं गोड पेय जठरात रेंगाळतं, आणि आतड्यात उतरलं की आधी शरीरातलंच पाणी स्वतःकडे ओढतं. पोट फुगणं, मळमळ, कधी जुलाब, आणि मग जेवण न जाणं. भावाला डबा जात नाही म्हणताना तो मधे असलं काही पितो का, हे विचारून बघा. फळांचा रस द्यायचाच तर त्यात दुप्पट पाणी आणि लिटरमागे पाव चमचा मीठ घालून द्या.

मीठ-साखर थेट गार पाण्यात टाकलं तर तळाशी बसतं, पहिले घोट अळणी आणि शेवटचे खारट लागतात. अर्धी वाटी कोमट पाण्यात आधी पूर्ण विरघळवा, मग गार पाणी ओता. आणि हे पेय गोठवू नका. गोठताना शुद्ध पाण्याचा बर्फ आधी होतो, मीठ-साखर उरलेल्या द्रवात गोळा होते. वितळताना उलटं होतं, पहिला पेला पाकासारखा आणि शेवटचा नुसतं पाणी. गोठवायची ती साध्या पाण्याची बाटली, तीसुद्धा पाऊण भरून, कारण बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं. ती गोठलेली बाटली डब्याच्या पिशवीत ठेवली की डबा गार राहतो आणि अकरा-बारा वाजता प्यायला थंड पाणी मिळतं.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकचं घ्या. तांब्या-पितळेच्या बाटलीत लिंबू किंवा ताक कधीही भरू नका. आंबट पदार्थात तांबं उतरतं, मग पोट दुखतं, उलट्या होतात आणि दोष उन्हाला दिला जातो.

पेल्यांचा क्रम सोपा आहे. दर वीस मिनिटांनी एक पेला, साधारण १९० मिलीलिटर. आठ तासांत असे चोवीस पेले, म्हणजे साडेचार लिटर होतात. पहिला तास साधं पाणी चालेल, कारण न्याहारीचं मीठ अंगात असतं. सातनंतर आलटून पालटून एक पेला पाण्याचा, एक पेयाचा. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, तहान मागून येते. पण दोन तास विसरून मग एकदम लिटरभर घटाघटा पिणं त्याहून वाईट. त्यातलं बरंच थेट लघवीतून निघून जातं. पाणी १० ते १५ अंशांचं, म्हणजे गारसर असलं की माणूस आपणहून जास्त पितो. उन्हात तापलेलं पाणी कोणी आवडीने पीत नाही, आणि पाणी कमी जाण्याचं खरं कारण बरेचदा तेवढंच असतं. बाटलीला ओलं फडकं गुंडाळून सावलीत, वारा लागेल अशी ठेवली तरी फरक पडतो. हवा दमट असेल तर फडकं वाळत नाही आणि पाणीही गार होत नाही, तिथे गोठवलेली बाटलीच कामाची.

लिंबू नको असेल तर एका लिटरच्या जागी ताक चालेल. २५० ग्रॅम दही, पाऊण लिटर पाणी आणि पाव चमचा मीठ. घट्ट ताक तहान भागवत नाही, ते जेवणच होतं. ताक सकाळच्या पहिल्या तीन तासांत संपवायचं.

औषधाच्या दुकानातल्या जलसंजीवनीच्या पुडीबद्दल बराच गोंधळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात तिच्यात लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, आणि त्याशिवाय पोटॅशियम व सायट्रेट असतं. ती जुलाबांसाठी बनवलेली आहे, त्यामुळे घामासाठी लागतं त्यापेक्षा जास्त खारट. रोज दोन-तीन लिटर पिण्याचं कारण नाही. पण गोळे आलेल्या दिवशी दुसऱ्या लिटरच्या जागी ती द्या. लिटरची पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच विरघळवायची. पेलाभर पाण्यात अख्खी पुडी ओतून पिण्याची सवय अनेकांना असते, आणि त्याने तहान आणि मळमळ दोन्ही वाढतात. मिठाच्या गोळ्याही याच कारणासाठी टाळा. त्या जठरात एकाच जागी विरघळतात आणि उलटी करवतात.

डब्यात काय

वरच्या पेयातून आठ तासांत मीठ गेलं फक्त तीन ग्रॅम. दहा कुठे आणि तीन कुठे! उरलेलं अन्नातून यायचं आहे, म्हणून डबा परत येणं हे तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बाटली कितीही सुधारली तरी डबा अर्धा राहिला तर हिशेब जुळत नाही. पोटॅशियमचंही तसंच. घामातून ते थोडंच जातं, आणि एखादं केळं व दोन उकडलेले बटाटे ते सहज भरून काढतात. त्यासाठी वेगळं पेय नको.

डबा परत येण्याचं कारण बहुतेकदा डब्यातच असतं. उन्हात शरीर रक्त कातडीकडे पाठवत असतं, उष्णता बाहेर टाकायला. त्याच वेळी स्नायूंनाही रक्त हवं असतं. अशात एकदम मोठं, तेलकट जेवण आलं तर पचनाला रक्त पुरत नाही, अन्न पडून राहतं, भूक मरते. म्हणून एका मोठ्या डब्याचे तीन लहान करा. प्रत्येक वेळी असं अन्न द्या की ज्यात स्वतःचं पाणी आहे आणि मीठही आहे. शिजलेल्या भातात जवळजवळ ७० टक्के पाणी असतं, उकडलेल्या बटाट्यात ७५ टक्क्यांच्या वर, दह्यात ८५ च्या आसपास, टोमॅटो-काकडीत ९५. पाव किंवा कोरडा फराळ याच्या अगदी उलटा, पोटात गेल्यावर तोच पाणी मागतो. खारवलेले तळलेले पदार्थ मीठ देतात हे खरं, पण तेल जठरात रेंगाळतं.

पहाटे पाच वाजता, निघण्याच्या तासभर आधी : खारी, ओलसर न्याहारी. मऊ शिजवलेला धान्याचा किंवा डाळ-तांदळाचा मोठा वाडगा, नेहमीपेक्षा किंचित जास्त मीठ घालून. सोबत ४०० ते ५०० मिलीलिटर पाणी थोडं थोडं करून. चहा-कॉफीचा कप चालेल, सवय असलेल्याला एखाद-दुसऱ्या कपाने पाणी कमी होत नाही. फक्त चहा-बिस्किटं म्हणजे न्याहारी नव्हे.

साडेआठच्या सुमारास दोन उकडलेले बटाटे, वर पाव चमच्याहून थोडं कमी मीठ आणि लिंबू, किंवा केळं आणि मूठभर खारे शेंगदाणे. दहा मिनिटांत सावलीत बसून संपेल एवढंच.

अकराच्या आसपास मुख्य डबा : मऊ भात, त्यावर पातळ आणि नीट खारट डाळ किंवा कडधान्याचं सूप, मीठ लावलेली काकडी किंवा टोमॅटो, थोडं दही. सगळं मिळून ४०० ग्रॅमपर्यंत. अंडी, मांस, जड कडधान्यं दुपारी थोडीच ठेवा. प्रथिनं पचवताना शरीरात जास्त उष्णता निर्माण होते आणि त्यांचा उरलेला युरिया बाहेर टाकायला पाणीही लागतं. ती रात्रीच्या जेवणात भरपूर द्या. कलिंगड द्यायला हरकत नाही, त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. पण त्यात मीठ जवळजवळ नसतं, त्यामुळे ते साध्या पाण्याच्या जागी धरा, पेयाच्या जागी नव्हे. वर चिमूटभर मीठ भुरभुरलंत तर उत्तमच.

आता भाताची भीती. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, आणि कोमट भातात ते वाढून असं विष तयार करतात की पुन्हा गरम करूनही ते जात नाही. ३२ अंशांच्या वरच्या हवेत शिजवलेलं अन्न उघड्यावर तासाभराहून जास्त ठेवू नये, असा नियम आहे. म्हणून भात सकाळी ताजा शिजवा, पसरट ताटात पसरून लवकर गार करा, आणि मगच गोठवलेल्या बाटलीला चिकटवून पिशवीत ठेवा. गरम भात डब्यात कोंबून झाकण लावणं ही सगळ्यात वाईट पद्धत, आतला भाग तासन्‌तास कोमट राहतो. गोठवलेली बाटली नसेल तर भात-डाळ नको. उकडून सालीसकट दिलेले बटाटे, सालीची फळं, मीठ आणि लिंबू वेगळं, असा डबा द्या. खाऊन दोन-चार तासांत उलट्या झाल्या तर उन्हाआधी डब्यावर संशय घ्या.

काम संपल्यावर पुन्हा वजन. अर्धा ते पाऊण किलो उतरलेलं असेल तर योग्य आहे, तितकी घट शरीर सहज सोसतं. उतरलेल्या वजनाच्या दीडपट द्रव झोपेपर्यंत भरून काढायचा, म्हणजे ६०० ग्रॅम घट असेल तर ९०० मिलीलिटर, जेवणाबरोबर विभागून. यात एक पेला दूध असू द्या. त्यातले क्षार आणि प्रथिनं यांमुळे ते पाण्यापेक्षा शरीरात जास्त वेळ टिकतं. दारू संध्याकाळीसुद्धा नको, ती लघवी वाढवते आणि दुसऱ्या दिवशीचं कामच तुटीतून सुरू होतं.

या पद्धतीने आपल्या माणसाचं मीठ न्याहारीत २ ग्रॅम, मधल्या खाण्यात १, डब्यात ३, पेयात ३ मिळून दोन वाजेपर्यंत ९ ग्रॅम होतं, आणि उरलेलं रात्रीच्या जेवणात. लघवी पाच वेळांवरून दोन-तीनवर यायला हवी. आली नाही, तर साधं पाणी अजून जास्तच जातंय.

लघवीवरून एक राहिलंच. कामावर स्वच्छतागृह नसतं म्हणून मुद्दाम कमी पिणारी माणसं, विशेषतः बायका, कमी नाहीत. त्यांच्यासाठी वरचा कोणताही तक्ता आधी त्या जागेचा प्रश्न सुटल्याशिवाय चालत नाही.

पोटऱ्यांतल्या गोळ्यांबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर मीठ हे एकच कारण नसतं, थकलेला स्नायू स्वतःही आखडतो. गोळा आला की सावलीत बसून पोटरी हळू ताणा आणि अर्धा लिटर पेय तासाभरात द्या. मीठ नीट जाऊनही आठवडाभर गोळे येतच राहिले, तर सोडियम-पोटॅशियमची रक्ततपासणी करून घ्या.

हे सगळं निरोगी माणसासाठी आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना हा वजनाचा हिशेब दाखवा. आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जाऊ लागला, अंग चटका बसेल असं तापलं, तर पेयांची वेळ गेलेली असते. तोंडात काही ओतू नका. सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंगावर सतत गार पाणी ओता, वारा घाला, आणि लगेच रुग्णालयात न्या.

उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम वाढतो, पण त्यातलं मीठ कमी होतं. शर्टावरचे डाग फिके व्हायला लागले की समजायचं. म्हणून दहा-बारा दिवसांनी वजनाची मोजणी पुन्हा करा. बहुधा पाणी थोडं वाढवावं लागेल आणि पेय दोनऐवजी दीड लिटर पुरेल. सुट्टीच्या दिवशी पेय पूर्ण बंद आणि जेवणातलं मीठ नेहमीइतकंच. चार-पाच दिवस रजा काढून परतला तर ती सवय थोडी उतरलेली असते, त्यामुळे पहिले दोन दिवस काम हलकं ठेवून पुन्हा दोन लिटर पेयापासून सुरुवात करा.